मदत हवी आहे: बेव्हल गिअरचा कोन मोजला की जास्त भरतो

कुंडईच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉलरच्या विंचचा पिनियन नवा करायला आलाय. सरळ दात, शाफ्ट काटकोनात, पिनियनला १६ दात, मोठ्या गिअरला ३२, मॉड्यूल ३. सूत्राने tan δ = १६/३२ = ०.५, म्हणजे पिनियनचा पिच कोन २६°३४′ आणि गिअरचा ६३°२६′. बेरीज ९०, म्हणजे हिशेब जुळतो. पण जुन्या पिनियनच्या दातांच्या माथ्यावर बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला की अक्षापासून ३०° च्या आसपास येतात. माथा पिच कोनाच्या वर असणारच. शंकूची तिरकी लांबी ५३.६७ मिमी, दाताचा माथा ३ मिमी, म्हणून ३°१२′ वाढवून २९°४६′ येतात. लेथची कंपाउंड स्लाइड यावरच लावू ना? की जोडीदाराचा मुळाकडचा कोन, साधारण ४°, मिळवायचा? माथा झिजलाय, त्यामुळे मोजून फरक कळत नाही. जाणकारांनी सांगा हां.