मदत हवी आहे: एक्सेलच्या आलेखात वेळेच्या रेघा पूर्ण तासांवर कशा आणू?

द्राक्षवेल_निफाड
बागेत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र लावलंय, दर १५ मिनिटांनी एक नोंद. १५ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ एवढ्या नोंदी घेऊन स्कॅटर आलेख काढला. 'अ' स्तंभात तारीख-वेळ, 'ब' मध्ये तापमान. खालच्या अक्षावर वेळ येते ती 16:48, 19:12, 21:36, 0:00, 2:24 अशी. पारा ६ अंशांखाली किती वाजता गेला हे शेजारच्या बागाईतदारांना आलेखावरून दाखवायचंय, म्हणजे पहाटे पाणी कधी सुरू करायचं ते ठरवता येईल. 2:24 ची रेघ बघून कुणाला काय कळणार? दर ३ तासांनी रेघ हवी.

संदीप७७
अक्षावर डबल क्लिक करा. उजवीकडे Format Axis उघडेल. तिथे Units खाली Major मध्ये 3 टाका, झालं.

द्राक्षवेल_निफाड
टाकलं. सगळ्या उभ्या रेघा गेल्या, डावीकडे एकच उरली.

जुना_हिशेबनीस
संदीप, जागा बरोबर सांगितलीस, आकडा चुकला. एक्सेलसाठी १ म्हणजे एक अख्खा दिवस, त्यामुळे 3 म्हणजे तीन दिवस झाले. तुमचा आलेख जेमतेम अर्ध्या दिवसाचा, मग दुसरी रेघ येणार कुठून?

ताई, मूळ गोंधळही तिथलाच. एक्सेल आपल्या मनाने रेघा गोल आकड्यांवरच टाकतं, पण ते दिवसाचे दशांश असतात. त्याने 0.1 चं अंतर धरलंय आणि दिवसाचा दहावा भाग म्हणजे २ तास २४ मिनिटं. ३ तास म्हणजे दिवसाचा आठवा भाग, तेव्हा Major मध्ये 0.125 घाला.

तेवढ्याने भागणार नाही. रेघांची मोजणी Minimum पासून सुरू होते. ते 16:48 वर राहिलं तर पुढची रेघ 19:48 ला पडेल. १५ जानेवारी २०२४ चा एक्सेलमधला क्रमांक 45306, म्हणून Bounds मध्ये Minimum 45306.75 (संध्याकाळचे ६) आणि Maximum 45307.25 द्या.

मीनल_ठाणे
एवढं कशाला? लाइन चार्ट घ्या, लेबलांमधलं अंतर 12 करा. १२ नोंदी म्हणजे ३ तास.

द्राक्षवेल_निफाड
मीनलताई, बॅटरी सैल झाल्यामुळे २ ते पावणेतीनच्या नोंदीच नाहीत.

जुना_हिशेबनीस
मग लाइन चार्ट नकोच. तो वेळ मोजत नाही, नोंदी मोजतो. ती फट दिसणार नाही आणि पुढची सगळी लेबलं सरकतील. सलग नोंदी असत्या तर मीनल म्हणतात ते चाललं असतं.

पुणेकर_अजय
माझाही हाच प्रश्न! वीजबिलाच्या स्तंभालेखात रेघा 37, 87, 137 वर येतात. Major 50 ठेवलंय.

जुना_हिशेबनीस
तुमचं प्रकरण वेगळं, कारण तेच. Minimum मध्ये 37 कुणीतरी हाताने घातलंय. तिथे 0 करा. स्तंभाची उंची शून्यापासूनच खरी, नाहीतर दुप्पट बिल पाचपट दिसतं.

द्राक्षवेल_निफाड
जमलं! 18:00, 21:00, 0:00, 3:00, 6:00. ६ अंशांची आडवी रेघ 3:00 च्या थोडी पुढे कापली जाते, लगेच दिसतं. पण काल रात्रीच्या नोंदी त्याच ठिकाणी चिकटवल्या तर आलेख कोराच. रोज क्रमांक बदलायचा का?

जुना_हिशेबनीस
हाताने दिलेली हद्द आपणहून हलत नाही. नव्या नोंदी हद्दीबाहेर पडल्या की नुसत्या दिसेनाशा होतात, सूचनाही येत नाही. तारीखच काढून टाका. 'क' स्तंभात हे सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=A2-INT($A$2)
```

आलेखाला वेळेसाठी 'क' द्या. मग कुठलीही रात्र 0.75 ला सुरू होऊन 1.25 ला संपेल. Minimum, Maximum एकदाच भरायचे. त्याच चौकटीत Number खाली h:mm ठेवा. पहिली नोंद मात्र मध्यरात्रीच्या आधीची हवी.

संदीप७७
दोन तासांनी रेघ हवी असेल तर 0.083?

जुना_हिशेबनीस
0.083 ने पहिलं अंतरच १ तास ५९ मिनिटांचं होतं आणि पुढे चूक साचत जाते. पहाटे ६ जवळची रेघ 5:57 दाखवेल. निदान 0.08333333 एवढं लिही. 0.125 आणि 0.25 तेवढे नेमके बसतात.

मीनल_ठाणे
तापमानाचा अक्ष तरी Auto राहू द्या. उद्या २० च्या वर गेलं तर टोक कापलं जाईल.

जुना_हिशेबनीस
मी 0 ते 25, Major 5 असा बांधून ठेवेन. Auto वर प्रत्येक रात्रीची पट्टी वेगळी होते, दोन छापील आलेख शेजारी ठेवून थंडी ताडता येत नाही.

मीनल_ठाणे
पटत नाही. जानेवारीत ठीक, फेब्रुवारीअखेर संध्याकाळी ६ ला २५ सहज ओलांडेल.

द्राक्षवेल_निफाड
सध्या 0 ते 25 ठेवते, थंडी ओसरली की बघू. आणखी एक: दोन रात्री एकाच आलेखावर, दोन रंगांत घेता येतील का? दुसऱ्या रात्रीसाठी सूत्रात $A$2 च्या जागी तिची पहिली नोंद घेतली तर चालेल ना?