पगार ‘पुढच्या दहा तारखेला नक्की’: किती थांबायचं आणि काय जपून ठेवायचं? (अनुभव धागा)

होटगी रस्ता
सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटचा विषय आहे. नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. तीसेक माणसं. तिथल्या ओळखीच्या पॅकिंग सुपरवायझरना पगार कापून 26,000 हातात यायला हवा. मालक तोंडाने गोड आहेत. आधी म्हणाले पार्टीचं पेमेंट अडकलंय, मग बँकेची लिमिट, आता ‘आषाढी झाली की बघू’. नोटीस 30 दिवसांची. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी रडगाणं न लिहिता काय तपासलं, काय लिहून ठेवलं आणि कुठे चुकलं ते लिहावं.

आलेली रक्कम अशी: जानेवारीचा पगार 9 फेब्रुवारीला पूर्ण, फेब्रुवारीचा 24 मार्चला पूर्ण. मार्चचे 18 एप्रिलला 10,000 आणि 12 मेला 16,000. एप्रिलचे 6 जूनला फक्त 8,000. मेचं काहीच नाही. आज 20 जून.

जमाखर्च
हिशोब दिलात ते बरं केलंत, नाहीतर ‘दोन-तीन महिन्यांचा पगार अडकलाय’ यावर कुणी काहीच सांगू शकत नाही.

वहीत एक रकाना वाढवा: पगार 7 तारखेला धरला तर पूर्ण रक्कम किती दिवस उशिरा आली. जानेवारी 2 दिवस, फेब्रुवारी 17, मार्च 35. एप्रिल आज 44 दिवसांवर आहे आणि अजून संपलेला नाही. दर महिन्याला 20-20 दिवस उशीर होत असता तर मी म्हटलं असतं की पार्टीच उशिरा देते, युनिट त्याच चालीने चाललंय, जमत असेल तर काढा. इथे उशीर वाढत चाललाय. म्हणजे आलेल्या पैशातून मागचं भागतंय आणि पुढचं उघडं पडतंय. अशा ठिकाणी एक मोठं पेमेंट आलं तरी ते आधी सूतवाल्याकडे आणि वीजबिलाकडे जातं. माणसं नंतर. कारण सूत थांबलं की माग थांबतो, माणूस मात्र थांबतोच.

दुसरं, बाकी नुसती 44,000 नाही. एप्रिलचे 18,000 आणि मेचे 26,000 मिळून 44,000, पण जूनचे वीस दिवस काम झालंय त्याचे साधारण 17,300 धरा. झाले 61,300. आज राजीनामा दिला तर नोटिशीचे 30 दिवस अजून 26,000. म्हणजे बाहेर पडेपर्यंत 87,000 च्या वर मालकाकडे. ‘अजून एक महिना बघू’ म्हणताना हाच आकडा समोर ठेवा. किती रक्कम बुडाली तरी घर चालेल ते ठरवा, त्यातून नोटिशीचा महिना वजा करा आणि तिथे रेघ मारा.

विजापूर वेस
सरळ सांगतो, दोन महिने झाले की उठायचं. आणि 24,000 च्या वर पगार असेल तर कामगार कार्यालयात जाऊन उपयोग नाही, ते फक्त कामगारांचं बघतात. दारातूनच परत लावतात.

सातरस्ता वकिली
24,000 ची मर्यादा जुन्या पगार वाटप कायद्यात होती, त्यामुळे तुमचं पूर्वी बरोबर होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, त्यात ती मर्यादा नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा. राजीनामा दिला तर देणं दोन कामाच्या दिवसांत मिटवायचं. दावा करायला तीन वर्षं आहेत, पूर्वी एकच वर्ष होतं. आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे.

कागदावरचा नियम आणि हातात पैसे येणं यात मात्र बरंच अंतर असतं. दोन दिवसांत कुणाच्या खात्यात रक्कम आलेली मी पाहिली नाही. पण तारीख ठरलेली असल्यामुळे ‘बघू’ म्हणणाऱ्याला लेखी विचारता येतं. अर्ज कुणाकडे द्यायचा हे सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन विचारा. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

सुई-दोरा
आमच्याकडे गणवेशाची शिलाई आहे, पीसवर पैसे. पगार नाहीच तर 7 तारीख कसली? दर शनिवारी हिशोब, पण वही मालकाकडे. चार आठवडे झाले ‘पुढच्या शनिवारी’ चाललंय. पीएफ वगैरे काही नाही.

जमाखर्च
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण वहीचं सांगतो. शनिवारी वहीत तुमचे पीस चढले की त्या पानाचा फोटो काढा, पान पूर्ण, वरची तारीख दिसेल असा. मालक नको म्हणाले तर घरी स्वतःच्या वहीत तारीख, कापडाचा प्रकार, पीस, दर लिहा आणि त्यांना व्हॉट्सॲपवर ‘आज 140 शर्ट दिले’ एवढंच पाठवा. उत्तर नाही आलं तरी चालेल.

सातरस्ता वकिली
पीसवर काम असलं तरी तो पगारच धरला जातो. सोडून देऊ नका.

लूम शेड
मूळ प्रश्नाकडे येतो. मालक खरं बोलतोय की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही, दोन ठिकाणी कळतं.

पहिलं पीएफ. स्लिपवर 1,800 कापलेत ना? ते पुढच्या महिन्याच्या 15 पर्यंत भरायचे असतात. पासबुकात एप्रिलची नोंद आली का बघा. पासबुक थोडं मागे असतं, म्हणून 16 तारखेलाच बोंब मारू नका, महिनाअखेर बघा. शिवाय ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधून कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या तारखेला भरले आणि किती माणसांचे, ते दिसतं. तीस माणसांचं युनिट अठरा माणसांचे भरत असेल तर तिथेच कळलं.

दुसरं जीएसटी. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असतोच. पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये टाका आणि `Show Filing Table` दाबा. `GSTR-3B` रिटर्न कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय ते येतं. ते दोन-तीन महिने थांबलं असेल तर ‘पार्टीचं पेमेंट येणार आहे’ यावर भरवसा कमी ठेवा, कारण रिटर्न अडकलं की खरेदीदारही पैसे धरून ठेवतात.

विजापूर वेस
सगळं बरोबर आहे, पण पीएफ कापून भरला नाही म्हणजे गेलाच की ते पैसे.

लूम शेड
गेले नाहीत. कापून न भरणं हा मालकाचा गुन्हा होतो आणि वसुली त्याच्याकडून होते. तुमच्याकडे कापल्याची स्लिप हवी. स्लिप देणं बंद झालं असेल तर तीच मागा. बरेच जण पगार मागतात आणि स्लिप विसरतात.

टॉवेलवाला अण्णा
मी दुसऱ्या बाजूचा, लहान युनिटचे हिशोब बघतो. सगळे मालक बुडवे नसतात, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: अडचणीत असलेला मालक सही घ्यायला फार घाई करतो.

6 जूनचे 8,000 कसे आले? खात्यात आले असतील तर ठीक. रोख आले असतील तर व्हाउचरवर काय लिहिलंय ते बघा. माझ्या पाहण्यात दोन प्रकार येतात. एकात ‘उचल’ लिहिलेलं असतं. मग ते पगार नसून तुम्ही घेतलेलं कर्ज ठरतं आणि शेवटच्या हिशोबात पुन्हा कापलं जातं. दुसऱ्यात आधीच छापलेलं असतं: ‘आजपर्यंतचा सर्व पगार मिळाला.’ रक्कम 8,000 आणि मजकूर सगळ्या पगाराचा! रेव्हेन्यू तिकीट लावून सही झाली की पुढे वाद घालणं अवघड.

सहीच्या आधी स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘एप्रिल पगारापोटी 8,000 मिळाले. एप्रिलचे 18,000 बाकी.’ मग सही, मग फोटो. मालक नको म्हणाले तर पैसे खात्यात टाकायला सांगा. पगारपत्रकावर रक्कम येण्याआधी सही करणं तर सोडूनच द्या. ‘आधी सही करा, संध्याकाळी टाकतो’ ही संध्याकाळ लवकर येत नाही.

होटगी रस्ता
अण्णा, रोखच होते. व्हाउचरवर उचलच लिहिलंय, आज फोटो मागवून बघितला.

टॉवेलवाला अण्णा
मग सुपरवायझरना आजच मालकांना लिहायला सांगा. भांडणाचा सूर नको. साधारण असं:

‘मालक, 6 जूनला मिळालेले 8,000 एप्रिलच्या पगारापोटी धरले आहेत, उचल म्हणून नाही. एप्रिलचे 18,000 आणि मेचे 26,000 मिळून 44,000 बाकी आहेत. आज बोलल्याप्रमाणे आपण 10 जुलैला एप्रिलची बाकी देणार आहात. काही चूक असल्यास कळवावे.’

तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी हे पाठवायचं. ‘आषाढी झाली की’ला तारीख नाही, म्हणून 10 जुलै टाका. ते गप्प राहिले तरी कागद झाला. ‘ओके’ म्हणाले तर अजून चांगलं.

सातरस्ता वकिली
त्यात भर. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, अख्खं संभाषण निर्यात करून स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा आणि मूळ फोन बदलला तरी जपा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, तेव्हा मूळ उपकरण विचारलं जातं. सोबत नेमणूक पत्र, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचा महिन्याचा फोटो. कंपनीची गिऱ्हाईक यादी किंवा दरपत्रक मात्र घेऊ नका, आपली बाजूच कच्ची होते.

मालकाने पुढच्या तारखेचा चेक दिला तर कंपनीच्याच खात्याचा घ्या. तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. नोटीस पोचल्यापासून त्यांना 15 दिवस. पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. पोलिसात नाही, तिथे हेलपाटेच होतात. 30 दिवस चुकले की तो चेक पुन्हा भरायला लागतो, तोही तीन महिने संपायच्या आत.

विजापूर वेस
मग राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहायचं की पगार मिळत नाही असं लिहायचं? वैयक्तिक लिहिलं तर अनुभव पत्र सुखाने मिळतं.

सातरस्ता वकिली
मी तरी बाकीचा आकडा त्यात टाकायला सांगतो.

टॉवेलवाला अण्णा
इथे माझं जमत नाही. राजीनामा दोन ओळींचा ठेवा, बाकीची मागणी त्याच दिवशी वेगळ्या पत्रात द्या. अनुभव पत्र लागणारच आहे आणि सोलापुरात टॉवेलची लाइन छोटी आहे, प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो.

होटगी रस्ता
दोन्ही बाजू सांगतो त्यांना. रेघ कुठे मारायची यावर ते म्हणाले, 90,000 च्या वर बुडालं तर भावाकडे हात पसरावा लागेल. मघाच्या हिशोबाने बाहेर पडेपर्यंतच 87,000 होतात.

जमाखर्च
मग रेघ आजच आहे. चार दिवस अजून थांबले तर दिवसाला 870 धरून 90,000 पार होतात. राजीनाम्याची तारीख काय टाकताय?

होटगी रस्ता
सोमवारी, 22 जून. व्हाउचरचा मेसेज आज रात्री जातोय.