आधी न हलणारी नावं

"वर्गात कोणी कुठे बसायचं याच्या विनंत्या सगळ्या एकाच परिच्छेदात आल्यात, मुलं बाकांवर कशी बसवू?"

परिच्छेद वाचत वाचत येतील तशी नावं भरली की शेवटच्या दोन-तीन मुलांशी गाडी अडतेच. आधी ज्यांची जागा हलत नाही ती नावं लिहा, मग "एकत्र नको" जोड्या, मैत्रिणी सर्वांत शेवटी. आमच्या धुळ्याच्या वर्गात योगेशला लांबचं दिसत नाही, शिवाय तो डावखुरा. म्हणून पहिली ओळ, बाकाचं डावं टोक. उजवीकडे बसला की शेजारणीच्या कोपराला कोपर लागतो. सागर त्याच्यापासून लांब हवा, म्हणजे मागचा बाकही नको.

```
           फळा
ओळ १ | योगेश, मीना | कविता, रेखा
ओळ २ | नितीन, आशा | भूषण, लता
ओळ ३ | किरण, उषा  | सागर, दीपक
```

कागदावर फळा वरच काढा, तरच कागदाचं डावं ते मुलांचं डावं. फळा खाली काढला तर योगेश नेमका उजव्या टोकाला जातो.