मुलीचा वरचा सुळा टाळूत अडकलाय, ऑपरेशन लगेच करावं का? (बजेट ४० हजार)

नाशिकची_आई
मुलगी पावणेतेरा वर्षांची. वरचा उजवा सुळा येऊन वर्ष झालं, डावीकडे मात्र दुधाचाच सुळा घट्ट बसलाय, हलतही नाही. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकच मोठा एक्स-रे, काढला तर रिपोर्टात "२३ इम्पॅक्टेड" असं आलं. सुळा आडवा होऊन पुढच्या दुसऱ्या दाताच्या मुळावर आलेला दिसतो. एक डॉक्टर म्हणतात, हिरडी उघडून साखळी लावू आणि ओढून आणू. दुसरे म्हणतात, नुसता दुधाचा दात काढा आणि थांबा. दोघांनाही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, हवाय. तो खरंच लागतो का? सगळं मिळून ४० हजारांच्या वर जाणं शक्य नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

कोथरूडकर७२
माझी अक्कलदाढ अशीच आडवी होती. काढून टाकली, तीन दिवस आइस्क्रीम खाल्लं, विषय संपला. कशाला ओढत बसायचं?

नाशिकची_आई
दादा, ही अक्कलदाढ नाही, सुळा आहे. तो काढला तर हसताना समोरच खिंडार दिसेल.

सुखी_बाबा
ताई, आम्ही मुलाला अलायनर लावले. दोन लाखाच्या आसपास गेले, पण तार नाही, टोचणं नाही, शाळेत कुणाला कळलंही नाही. पोरांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

नाशिकची_आई
बघावं लागतं हो. बजेट वर लिहिलंय.

प्रिया_ठाणे
तुमच्या मुलाचा सुळा हाडात होता का? नुसते वाकडे दात वेगळे आणि हे वेगळं.

सुखी_बाबा
नाही, वाकडेच होते. पण तत्त्व तेच.

सब_जाणता
२३ हा दाताचा नंबर, वरचा डावा सुळा. सीबीसीटी हा पैसे काढायचा धंदा आहे. ओपीजीत सुळा शेजारच्यापेक्षा मोठा दिसला की तो टाळूकडे, लहान दिसला की ओठाकडे. माझ्या भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी एवढ्यावरच सांगितलं होतं आणि बरोबर निघालं.

ऑर्थोवाली_सातारा
मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, पण पेशंट न बघता बोलतेय हे धरून वाचा. मोठा दिसतो ही खूण खोटी नाही. ओपीजीत टाळूकडचा दात फिल्मपासून लांब पडतो, म्हणून फुगतो. पण वाकडा किंवा फिरलेला दातही फुगलेला दिसतो. निव्वळ तेवढ्यावर हिरडी कापायला मी जाणार नाही.

त्याआधी स्वस्तातलं एक काम आहे. त्याच भागाचे दोन छोटे एक्स-रे काढायचे. पहिला समोरून, आणि दुसऱ्या वेळी मशिनची नळी थोडी मागे, दाढांकडे सरकवून. दुसऱ्या फिल्ममध्ये शेजारच्या मुळाच्या तुलनेत सुळा नळीच्याच दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, उलट दिशेने सरकला तर ओठाकडे. घरी करून बघा : दोन बोटं एकामागे एक धरा, एक डोळा मिटा आणि मान डावीकडे न्या. मागचं बोट तुमच्याबरोबर डावीकडे गेल्यासारखं वाटेल.

आणि ओठ वर करून दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवा. दहाव्या वर्षाच्या आसपास तिथे फुगवटा लागायला हवा.

नाशिकची_आई
मॅडम, उजवीकडे होता तो फुगवटा, डावीकडे सपाट आहे. ते दोन एक्स-रे आज काढून घेतले. दोनशे-दोनशे रुपये पडले. सुळा नळीबरोबर मागे सरकलेला दिसला.

ऑर्थोवाली_सातारा
म्हणजे टाळूकडे. आता सीबीसीटी कशासाठी, तर सुळा शोधायला नव्हे, तर तो ज्या मुळावर टेकलाय ते मूळ झिजतंय का ते पाहायला. साध्या एक्स-रेत सुळ्याची सावली मुळावर पडते, त्यामुळे पुढून-मागून झालेली झीज लपते. तुमच्या फिल्ममध्ये मुळाची कड स्पष्ट असेल तर सीबीसीटीवाचून चालू शकतं. धूसर असेल तर छोट्या भागाचाच घ्या, पूर्ण जबड्याचा नको. रेडिएशनही कमी, खर्चही.

प्रिया_ठाणे
आमच्याकडे मोठ्या मुलाची साखळीच सुटली. बंद पद्धत केली होती. हिरडी उघडून दाताला बटण चिकटवलं, त्यावर बारीक साखळी आणि परत टाके. महिन्याभराने साखळी ढिली लागली, बटण आत सुटलेलं. पुन्हा भूल, पुन्हा टाके. उघडी पद्धत असती तर तिथल्या तिथे चिकटवता आलं असतं. उघडीच करा.

सब_जाणता
उघड्या पद्धतीत खूप रक्त येतं, टाळूवर भोक पडतं. बंदच चांगली.

ऑर्थोवाली_सातारा
दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे, कुठली ठळकपणे सरस ठरलेली नाही. सुळा फार खोल नसेल तर टाळूला खिडकी ठेवून उघडी करता येते, काही दिवस त्यावर पॅक राहतो. तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलाय ते करा. मला जास्त काळजी ओढण्याच्या दिशेची वाटते. लोकांना वाटतं, सरळ खाली आणि बाहेर ओढायचं. तसं केलं तर सुळा शेजारच्या मुळावर घासतो. आधी मागे आणि टाळूकडे, मुळापासून दूर न्यायचा, मग जागेकडे वळवायचा. ताकदही हलकी, साधारण ६० ग्रॅम. आणि कमानीत जागा नसेल तर आधी स्प्रिंग लावून जागा करायची. वेळ लागतो, दीड-दोन वर्षं सहज.

कोथरूडकर७२
दोन वर्षं! आमच्या वेळी कुणी ओढलं नाही, तरी जेवतो आहोत.

सुळावर_चढलेला
मी सव्विसाव्या वर्षी ओढायला घेतला. वर्षभर तार लावून सुळा हलेना, उलट शेजारचे दात वर खेचले जाऊ लागले आणि खालच्यांशी टेकेनात. दात हाडाला चिकटला होता. शेवटी काढावा लागला. ताई, लवकर करा एवढंच सांगतो.

ऑर्थोवाली_सातारा
हीच खूण. शेजारचे दात हलू लागले आणि सुळा जागेवर, की थांबायचं. पण पावणेतेराव्या वर्षी ही भीती कमी.

ताई, माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने. १९८८ मध्ये स्वीडनमध्ये एरिकसन आणि कुरोल यांनी १० ते १३ वर्षांच्या, दाटी नसलेल्या मुलांत टाळूकडचे ४६ सुळे असेच दुधाचा दात काढून पाहिले. त्यातले ३६ सरळ वळले. सुळ्याचं टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडेच होतं तिथे ९१ टक्के, पलीकडे गेलं होतं तिथे ६४. तुमचं कुठे आहे?

नाशिकची_आई
छोट्या भागाचा सीबीसीटी घेतला. मूळ शाबूत आहे. टोक मध्यरेषेच्या थोडं पलीकडे गेलंय.

ऑर्थोवाली_सातारा
मग दुधाचा दात काढा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ओपीजी. टोक मागे सरकलं नाही तर साखळी. वय वरच्या कडेला आहे म्हणून वर्षापेक्षा जास्त थांबू नका. ऑपरेशन टळलं तर खर्चही वाचतो.

सब_जाणता
सरकारी डेंटल कॉलेजला जा, सगळं निम्म्यात होईल.

प्रिया_ठाणे
कॉलेजच. पण विद्यार्थी दर वर्षी बदलतात हे लक्षात ठेवा.

नाशिकची_आई
सगळ्यांचे आभार. आम्ही थांबायचं नाही असं ठरवलं. ह्यांची जूनमध्ये नांदेडला बदली आहे, आणि मुलगी एकदाच काय ते म्हणतेय. दिवाळीच्या सुट्टीत दुधाचा सुळा काढून त्याच वेळी साखळी, बंद पद्धतीने, घराजवळच्याच डॉक्टरांकडे. ते हप्ते घेतात. कॉलेज लांब पडतं. ब्रेसेस धरून ५२ हजार होतील, बाकीचे भिशीतून.

ऑर्थोवाली_सातारा
माझ्या मते सहा महिने थांबायला हवं होतं, पण चूक म्हणणार नाही. जूननंतर तार कोण आवळणार ते मात्र आत्ताच ठरवा. नांदेडच्या डॉक्टरांना द्यायला दोन्ही एक्स-रे आणि सीबीसीटीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नुसता प्रिंट नको.

सुखी_बाबा
अलायनरचा विचार अजून करू शकता.