मदत हवी आहे: १३८ पानी स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्टचा गोषवारा, हाती फक्त मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका

मीनल_दादर: आमची इमारत १९७८ची. तीस वर्षं उलटलेल्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३ब खाली करावं लागतं ते ऑडिट झालंय. रविवारच्या सभेसाठी मला एक पानी गोषवारा करायचाय. फाइल उघडली तर चारच पानं आलीत. अनुक्रमणिकेत पाहणी व फोटो ९ ते ९४, चाचण्या ९५ ते ११८, निष्कर्ष ११९ ते १२१, अंदाजपत्रक १२२ ते १३८. सेक्रेटरी गावाला आहेत, फोन जेमतेम लागतो. यावरून काही लिहू का? की आणखी काय मागू?

गिरगावचा_बाळ्या: सतरा पानांचं अंदाजपत्रक आहे म्हणजे दुरुस्तीच सांगितलीय. पाडायची असती तर एवढं कशाला लिहिलं असतं? 'दुरुस्तीयोग्य' असं बिनधास्त लिहा.

शरद_आरसीसी: बाळ्याभाऊ, तर्क बरा आहे, पण सभेपुढे तर्क ठेवू नका. ऑडिटमध्ये इमारतीला धोक्यानुसार वर्ग देतात, त्यात दुरुस्ती सी-२ए मध्येही असते आणि सी-२बी मध्येही. ए असेल तर काही भाग रिकामा करावा लागतो, बी असेल तर लोक राहत असताना काम होतं. सभेत पहिला प्रश्न हाच येणार.

ताई, एकच फोन लागणार असेल तर ११९ ते १२१ मागा. दुसऱ्यांदा लागला तर कार्बोनेशन चाचणीचा तक्ता आणि कुठला कॉलम कुठे तो नकाशा, दोन्ही. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारलं की चांगला भाग गुलाबी होतो, खराब भागाला रंग येत नाही. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर नुसतं प्लास्टर मारून भागत नाही. पण नकाशा नसेल तर 'कॉलम सी-७' म्हणजे कुणाचं स्वयंपाकघर ते कळणार नाही.

आणि किती घरं बंद होती तेही विचारा. मी पाहिलेल्या एका इमारतीत २४ पैकी ९ घरांना कुलूप होतं. गोषवाऱ्यात ते आलंच नाही, आणि गळती नेमकी त्याच घरांच्या मोऱ्यांतून निघाली.

स्वाती_मुलुंड: आमच्याकडे बिल्डरने असंच अर्धं पाठवलं होतं. एफएसआयचं पान आधी मागा, कार्पेट किती मिळणार ते तिथेच असतं.

शरद_आरसीसी: स्वातीताई, तो पुनर्विकासाचा फिजिबिलिटी रिपोर्ट. हे ऑडिट आहे, यात ते नसतं. मीनलताई, मुखपृष्ठावर 'मसुदा' असं काही छापलंय का?

मीनल_दादर: हो! कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मसुदा' आहे, मी पाहिलंच नव्हतं. ११९ ते १२१ चे फोटो आत्ताच आले. पहिली दोन पानं स्वच्छ आहेत. तिसरं हललंय, 'सी-२' दिसतं, पुढचं अक्षर पुसट.

गिरगावचा_बाळ्या: बी असेल हो.

शरद_आरसीसी: अंदाजाने बी लिहू नका. सेक्रेटरींना अक्षर विचारलं तर फोनवर ए-बी सारखंच ऐकू येईल. 'घरं रिकामी करायला सांगितलीत का?' असं विचारा. अंतिम प्रत कधी मिळणार तेही. तोवर गोषवाऱ्यात वरच लिहा की मसुद्याची पानं ११९ आणि १२० वाचून केलाय, वर्ग अजून कळलेला नाही.

मीनल_दादर: तसंच लिहिते. फोन लावतेय, 'संपर्क क्षेत्राबाहेर' येतंय.