मदत हवी आहे: फीच्या नोटिशीच्या फोटोतून रकमा आणि तारखांचा तक्ता

धायरीकर:
धाकट्या बहिणीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फीची नोटीस कॉलेजच्या काचेच्या फलकात आहे, तिने मोबाईलवर फोटो काढून पाठवला. सासवडला बाबांना कोणत्या तारखेला किती पैसे लागणार ते एका कागदावर हवंय, त्यावरून पतसंस्थेतून कर्ज कधी उचलायचं ते ठरेल. नोटीस मराठीत आहे, आकडेही देवनागरीत. मी हे चालवलं:

```
tesseract notice.jpg notice -l mar --psm 6
```

खुल्या गटाचा रकाना असा आला: शिक्षण शुल्क ६१,५००, विकास शुल्क १,२००, ग्रंथालय व प्रयोगशाळा २,८००, परीक्षा ३,४००, अनामत ५,०००. बेरीज ७३,९०० होते, पण नोटिशीत एकूण ८१,९०० आहे. खाली हप्ते आहेत: पहिला प्रवेशाच्या वेळी ४१,९००, दुसरा ०५/०९ पर्यंत २५,०००, तिसरा दुसरं सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत १५,०००१. कोणत्या शुल्कापुढे कोणती तारीख लावू?

पेठेतला:
काचेवर उजेड पडून एक ओळ गेलीय, ८,००० ची. फ्लॅश बंद करून, फलकासमोर सरळ उभं राहून पुन्हा फोटो काढायला सांगा.

धायरीकर:
फोटोत मोजल्या, पाचच ओळी आहेत. पण विकास शुल्काच्या ओळीवर चकाकी आहे खरी.

कोथरूडची आई:
तुम्ही ओबीसी किंवा ईबीसीत बसता का ते आधी बघा. माझ्या मुलाला शिक्षण शुल्क निम्मंच भरावं लागलं, आणि आम्ही पहिल्या वर्षी पूर्ण भरायची तयारी करून बसलो होतो. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, आधीच काढून ठेवा.

हिशेबनीस:
ताईंनी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, पण त्यातच तुमची किल्ली आहे. नोटिशीत सवलतीचा दुसरा रकाना आहे का?

तोवर एवढं सांगतो. फरक नेमका ८,००० आहे, आणि ९ चा १ वाचला गेला की हजाराच्या घरात ८ चाच फरक पडतो. देवनागरी ९ आणि १ ही जोडी अशा फोटोत हटकून फसवते. पण संशयित दोन आहेत: विकास शुल्क ९,२०० असेल किंवा शिक्षण शुल्क ६९,५०० असेल. दोन्हींनी बेरीज ८१,९०० च होते, म्हणून नुसती बेरीज जुळली म्हणजे आकडा बरोबर, असं धरू नका. १५,०००१ मधला शेवटचा १ म्हणजे `/-` ची तिरपी रेघ आहे.

धायरीकर:
आहे. त्यात शिक्षण शुल्क ३०,७५०, बाकी ओळी तेवढ्याच, एकूण ५१,१५०.

हिशेबनीस:
मग सुटलं. ३०,७५० च्या दुप्पट ६१,५००, म्हणजे शिक्षण शुल्क बरोबर. आणि ५१,१५० मधून ३०,७५०, २,८००, ३,४००, ५,००० वजा केले की ९,२०० उरतात. तरी फोटो मोठा करून त्या अंकाकडे एकदा डोळ्यांनी पाहाच.

आता तारखा. त्या शुल्कांच्या नाहीतच, हप्त्यांच्या आहेत. विकास शुल्काला तारीख नसते, दुसऱ्या हप्त्याला असते. म्हणून दोन तक्ते करा. एकात बाब आणि रक्कम, दुसऱ्यात हप्ता, रक्कम आणि मुदत. ४१,९००, २५,००० आणि १५,००० मिळून ८१,९००, म्हणजे दोन्ही तक्ते एकमेकांना तपासतात. बाबांना दुसराच पाठवा:

| हप्ता | रक्कम | मुदत |
|---|---|---|
| पहिला | ४१,९०० | प्रवेशाच्या वेळी |
| दुसरा | २५,००० | ५ सप्टेंबर |
| तिसरा | १५,००० | दुसरं सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत |

शीटमध्ये 05/09 असं टाकू नका. तिची `Locale` अमेरिकेची असेल तर ते ९ मे होतं आणि चूक कळतही नाही. `File > Settings` मध्ये भारत निवडा, किंवा महिना अक्षरांत लिहा.

पेठेतला:
ओळीचं माझं चुकलं. पण तिसऱ्या हप्त्याला तारीख नको का? मी असतो तर अंदाजे १५ जानेवारी टाकली असती.

हिशेबनीस:
नको. सत्र कधी सुरू होणार ते नोटिशीत नाही, मग तक्त्यात कुठून येणार? अंदाजाची तारीख एकदा रकान्यात बसली की पुढे कुणालाच तो अंदाज वाटत नाही, आणि इथे तिच्यावर कर्ज उचललं जाणार आहे. शब्द जसेच्या तसे ठेवा.

धायरीकर:
चकाकीखाली ९ च आहे, बहिणीने फलकापाशी जाऊन पाहिलं. बाबांना तक्ता पाठवला. तिसऱ्या हप्त्याचं तिने कार्यालयात विचारलं, तर शैक्षणिक वेळापत्रक लागलं की कळेल म्हणाले. सुट्टीचे दिवस त्या १५ मध्ये धरतात का, हे मात्र तिथेही कुणी नक्की सांगितलं नाही. कुणाला अनुभव आहे का?

कोथरूडची आई:
आमच्याकडे धरले होते. तुमच्या कॉलेजचं लेखी विचारून घ्या.