इतिवृत्तात रुग्ण 'निनावी' की 'सांकेतिक'?

नोंदलेखिका: आमच्या रुग्णालयात दर महिन्याला केस-आढाव्याची बैठक होते आणि इतिवृत्त मी लिहिते. नाव गाळून मी 'निनावी रुग्ण' असं लिहिलं, तर वरिष्ठांनी शब्द खोडला. का, ते सांगितलं नाही.

भाषांतरकार: निनावी म्हणजे नाव नसलेलं. नाव खोडलं की झालं, शब्द बरोबरच आहे.

निवृत्त भूलतज्ज्ञ: निनावी पत्र म्हणतो तेव्हा ते कुणाचं हे शोधता येऊ नये, असा अर्थ असतो. तुमच्याकडे मात्र क्रमांक आणि नाव जोडणारी वही कपाटात असणारच. मग रुग्ण सांकेतिक झाला, निनावी नव्हे. निनावी लिहिलंत की वाचणारा गाफील राहतो. मूळ नोंद टाका बरं, नाव-गाव बदलून.

नोंदलेखिका: अशी होती: '१४ तारखेला पहाटे ३.१० वाजता अमुक वाडीच्या २३ वर्षांच्या जुळ्यांच्या बाळंतिणीला रक्तस्राव. रक्त उशिरा मिळालं. सिस्टरची चूक.'

निवृत्त भूलतज्ज्ञ: नाव नसूनही सगळा तालुका ओळखेल. घड्याळाची वेळ काढा आणि रक्तस्राव लक्षात आला तो क्षण शून्य धरा. 'विशीतली, जुळ्यांची बाळंतीण. १० व्या मिनिटाला रक्त मागवलं. नमुन्याच्या बाटलीवर नाव नसल्याने रक्तपेढीने नमुना परत पाठवला. ५५ व्या मिनिटाला पिशवी आली.' उशीर कुठे झाला ते आता दिसतं, आणि तारीख लागलीच नाही.

वाचक: माझ्या बहिणीची फाइल मागितली तर महिनाभर फिरवलं. हीच गुप्तता ना?

निवृत्त भूलतज्ज्ञ: नाही हो, तो केसपेपर. त्यावर नाव असतंच, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत प्रत द्यावी, असा २००२ पासूनचा नियम आहे. तुम्हाला फिरवलं ते चूकच. इथली चर्चा बैठकीच्या कागदाची आहे.

प्रसूतिकक्षातली सिस्टर: 'सिस्टरची चूक' वाचून पोटात गोळा आला. त्या रात्री तीन बाळंतपणं आणि एकटी सिस्टर असेल, तर तेही लिहा. 'धडा' हा शब्दही नको. आमच्याकडे धडा शिकवतात तो माणसाला. 'शिकण्याचा मुद्दा: बाटलीवरची नावपट्टी खाटेपाशीच, नमुना घेताक्षणी लावावी' एवढं पुरे.

नोंदलेखिका: आणि निर्णयाखाली 'सर्वांनी काळजी घ्यावी' लिहिते, ते?

सिस्टर: ते कुणीच करत नाही. 'नावपट्ट्यांचं पाकीट रक्तस्रावाच्या ट्रेमध्ये. जबाबदारी: प्रसूतिकक्ष प्रभारी. मुदत: पुढची बैठक.' व्यक्तीचं नाव नको, पद लिहा.

भाषांतरकार: सांकेतिक मान्य. पण 'जुळी' हा शब्दही काढायला हवा ना? छोट्या गावात जुळी किती होतात?

निवृत्त भूलतज्ज्ञ: जुळ्यांमुळे गर्भाशय जास्त ताणलेलं असतं, बाळंतपणानंतर नीट आवळत नाही, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधीच रक्ताची तयारी होती का, हा प्रश्न त्या एका शब्दावर उभा आहे. मी ठेवेन.

सिस्टर: मी 'गर्भाशय ताणलेलं' लिहीन. जुळी म्हटलं की आमच्याकडे घर कळतं.